नानांच्या घड्याळाचा मिनिटकाटा: दुरुस्तीच्या नोंदी

३ डिसेंबर

नानांना निवृत्तीला दादानं दिलेलं घड्याळ आज माझ्याकडे आलं. दिसायला साधं, पांढऱ्या तबकडीचं, दोन काट्यांचं. तबकडीच्या खालच्या अर्ध्या भागात एक पडदा लपवलेला आहे. बोट टेकवलं की तो उजळतो, पावलं आणि नाडीचे ठोके दाखवतो आणि थोड्या वेळानं पुन्हा पांढऱ्यात विरून जातो. पडदा उजळला की अक्षरं झाकली जाऊ नयेत म्हणून दोन्ही काटे ९ आणि ३ कडे आडवे होतात आणि काम झालं की जागेवर परततात. काटे आडवे झाले म्हणजे घड्याळ बिघडलं असं नाही. नानांना हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

पण आजची तक्रार खरी होती. दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी काटे ८ वाजून ४० मिनिटं दाखवत होते, आणि आतल्या पडद्यावर मात्र आकड्यांत चोख ४:२०. म्हणजे घड्याळाला वेळ बरोबर ठाऊक होती, काटे चुकीचे होते. हा फरक सगळ्यात आधी बघायचा. पडद्यावरचे आकडेही चुकलेले असते तर मोबाइलशी जोडणी किंवा टाइम झोन तपासावा लागला असता आणि काट्यांना हात लावायचं काही कारण नव्हतं.

"तुम्ही मेनूत जाऊन काही केलंत का?" असं विचारल्यावर नाना म्हणाले, "काटे तीन-चार मिनिटं मागे होते गं. मेनूत काटे जुळवायचं होतं, मग जुळवले मी वेळेला."

घोळ इथेच झाला होता. त्या मेनूत काटे आत्ताच्या वेळेवर न्यायचेच नसतात, दोन्ही काटे १२ वर न्यायचे असतात. हे काटे कुठे आहेत ते घड्याळाला दिसत नाही. ते फक्त काट्यांची पावलं मोजतं, म्हणजे काटा किती वेळा पुढे सरकवला ते, आणि मोजायला सुरुवात १२ पासून करतं. नानांनी काटे ४:२० वर नेऊन "झालं" म्हटलं, तेव्हा घड्याळानं ती जागाच १२ ची धरली आणि तिथून पुढे ४ तास २० मिनिटं चालवून दाखवली. ४:२० अधिक ४:२०, म्हणजे ८:४०. दाखवलेली वेळ खऱ्या वेळेच्या दुप्पट भरली तर हीच चूक झाली आहे असं डोळे झाकून समजावं.

४ डिसेंबर

कंपनीतून आल्यावर नीट जुळवणी केली. आधी चार्जिंग पूर्ण केलं, कारण बॅटरी तळाला असताना काटे पळवणं बरं नाही. मेनूत शिरल्यावर घड्याळ दोन्ही काटे आपल्या समजुतीप्रमाणे १२ वर नेतं आणि आधी मिनिटकाटा विचारतं. बाणावर बोट दाबून धरलं की काटा पळतो, टिचकी मारली की एक पाऊल सरकतो. मी तो अलीकडेच थांबवला आणि शेवटची चार-पाच पावलं टिचक्यांनी चालवली. मग तासकाटा, तसाच.

माझं रोजचं काम नाशिकच्या अंबडमध्ये डायल गेज आणि मायक्रोमीटर अशी बारीक मापं घेणारी उपकरणं तपासायचं. त्यामुळे एका पावलाचं माप कळल्याशिवाय मला चैन पडेना. मिनिटकाटा १२ वरून ३ वर न्यायला ४५ टिचक्या लागल्या. म्हणजे पूर्ण फेऱ्याला १८० पावलं, एक पाऊल २ अंशांचं. मिनिटकाटा तासाला एक फेरा करतो, म्हणजे एक पाऊल २० सेकंदांचं. भिंग लावून बघत बसले तर खरंच दर वीस सेकंदांनी बारीकशी उडी दिसते. लांबून काटा सलग चालल्यासारखा वाटतो.

रात्री नऊला मोबाइलशी ताडून पाहिलं. दोन्ही काटे चोख.

७ डिसेंबर

मिनिटकाटा पुन्हा मागे! सकाळी सात वाजता पडदा ७:०० दाखवत होता आणि मिनिटकाटा ५८ वर होता. तासकाटा मात्र अगदी ७ वर.

तासकाटा बरोबर आणि मिनिटकाटा चुकलेला, हे चावीच्या घड्याळात सहसा होत नाही. तिथे दोन्ही काटे एकाच दंतचक्रांच्या साखळीवर असतात, मागे पडले तर जोडीनं पडतात. इथे प्रत्येक काट्याला वेगळी मोटर आहे. त्यामुळे दोन्ही काट्यांत मेळ नसेल, म्हणजे तासकाटा सातावर असून मिनिटकाटा अजून बारावर पोचलेला नसेल, तर बिघाड एकाच मोटरीच्या वाट्याचा आहे एवढं कळतं.

मेनूत शिरले. घड्याळाच्या समजुतीतल्या १२ वरून खऱ्या १२ वर यायला सहा टिचक्या लागल्या. सहा पावलं म्हणजे बरोबर दोन मिनिटं. जुळवून नानांना परत दिलं. आता दर वेळी टिचक्या मोजून वहीत लिहिणार आहे. नुसतं "मागे पडलं" यावरून काही शोधता येत नाही.

८ डिसेंबर

नानांचं म्हणणं, थंडीमुळे होतंय. पहाटे गोदापार्कला फिरायला जातात आणि या आठवड्यात बोचरा गारठा आहे. शंका अगदीच चूक नाही, थंडीत बॅटरीचा विद्युतदाब कमी होतो. म्हणून आज घड्याळ स्टीलच्या डब्यात घालून दोन तास फ्रिजच्या मधल्या खणात ठेवलं. दारात मुद्दाम ठेवलं नाही, कारण दाराच्या रबरी पट्टीत चुंबक असतो. बाहेर काढून ताडलं, तर एका पावलाचाही फरक नाही. शिवाय मनगटावर घड्याळ स्वेटरच्या बाहीखाली उबेतच असतं. थंडीचा संशय बाद केला.

१२ डिसेंबर

चौदा पावलं मागे. ४ मिनिटं ४० सेकंद. नानांची सकाळची सिटीलिंकची बस डोळ्यांदेखत गेली. ते बोलले काही नाहीत, पण घड्याळ काढून टीपॉयवर ठेवलं. मला फार वाईट वाटलं. दादानं किती हौसेनं दिलंय ते.

जुळवलं. वहीत आता ६ आणि १४ असे दोन आकडे आहेत. दोन्ही सम. दोन आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये हे मी रोज कामावर शिकाऊ मुलांना सांगते, तरी हे मनात घर करून राहिलं.

१४ डिसेंबर

काल नाना मंडळींबरोबर त्र्यंबकला गेले होते. एसटीनं गेले, एसटीनं आले, दिवसभर मंदिर, कुशावर्त, पायी हिंडणं. आज सकाळी ताडलं तर चूक शून्य. एवढ्या हादऱ्यांत काटा हलला नाही, म्हणजे धक्क्यानं पाऊल चुकतंय हाही संशय पातळ झाला.

संध्याकाळी घड्याळ घेऊन रविवार कारंजाजवळच्या आमच्या जुन्या घड्याळजींकडे गेले. त्यांनी उघडलं नाही. भिंगातून काटे पाहिले, घड्याळ तिरकं धरून काटा तबकडीला किंवा दुसऱ्या काट्याला घासतो का ते बघितलं. घासत नव्हता. मी वही पुढे केली. सम आकडे बघून ते म्हणाले, "ताई, ही मोटर दोन पायांवर चालते. एक पाय अडला की दोन पावलं जातात."

नंतर त्यांनी कागदावर काढून दाखवलं ते इथे लिहून ठेवते, कारण सगळी गोम त्यातच आहे. अशा घड्याळांत जी मोटर असते तिची मूळ रचना फ्रेंच अभियंता मारियस लाव्हे यांची, १९३६ सालची. मधोमध एक इवलंसं चुंबक असतं, त्याला एक उत्तर टोक आणि एक दक्षिण टोक. बाजूला तारेचं वेटोळं. वेटोळ्यात क्षणभर वीज सोडली की चुंबक अर्धा फेरा फिरतं आणि थांबतं. पुढच्या वेळी वीज उलट्या दिशेनं सोडावी लागते, तेव्हा उरलेला अर्धा फेरा होतो. उलट, सुलट, उलट, सुलट असंच ते चालतं. माझ्या मापानं हिशोब केला तर १८० अंशांचा अर्धा फेरा दंतचक्रांतून काट्यापर्यंत पोचताना २ अंशांचा होतो, म्हणजे मधली घट नव्वदपट आहे.

आता समजा एक सुलट झटका वाया गेला. चुंबक होतं तिथेच राहिलं. घड्याळाला ते कळत नाही, ते पुढचा उलट झटका देतं. पण चुंबक आधीच्या उलट झटक्यानं आणलेल्या जागीच आहे, तेव्हा हा झटका त्याला हलवत नाही, उलट तिथेच घट्ट धरतो. त्याच्या पुढच्या सुलट झटक्याला काय ते हलतं. म्हणजे हुकला एक आणि गेली दोन पावलं. मोटर अडल्यानं येणारी चूक म्हणूनच नेहमी दोनाच्या पटीत असते. आमच्या घड्याळात ४० सेकंदांच्या पटीत.

याचा उपयोग असा की टिचक्या विषम निघाल्या असत्या तर मोटरीवर संशयच घेतला नसता. आधीची जुळवणी एका पावलानं चुकली होती, किंवा धक्का बसून काटा आपल्या दांड्यावरच सरकला, असा अर्थ निघाला असता. काटा दांड्यावर नुसता दाबून बसवलेला असतो. तो सैल असेल तर मेनूतली जुळवणी दोन दिवसही टिकत नाही, तिथे घड्याळजीच लागतो.

"मग मोटर अडते कशानं?" मी विचारलं.

"घासत नाही, बॅटरी चांगली आहे, मग चुंबक. घरात शोधा."

त्यांच्या टेबलावर चुंबकत्व घालवायचं, डिमॅगचं यंत्र होतं. चावीच्या घड्याळाची स्प्रिंग चुंबकली की ते त्यावर ठेवतात. मी विचारलं, हे एकदा त्यावर फिरवता का? त्यांनी चटकन हात आडवा धरला. या मोटरीचा जीवच मुळी चुंबक आहे, तो मारला तर घड्याळ कायमचं जाईल, म्हणाले. शिवाय गरजही नसते. बाहेरचा चुंबक दूर केला की अशी मोटर पुन्हा चालू लागते, गेलेली पावलं तेवढी भरून द्यावी लागतात. त्यांनी पैसे घेतले नाहीत. चहा मात्र पाजला.

१५ डिसेंबर

आज रविवार, म्हणून नानांजवळच बसून राहिले. सकाळी सहाला ताडलं, चूक शून्य. फिरून आले, शून्य. चहा, शून्य. मग ते टॅबवर पेपर आणि पुरवणी वाचायला बसले, चाळीस-एक मिनिटं. उठल्यावर ताडलं तर आठ पावलं मागे.

टॅबला पुस्तकासारखं उघडणारं कव्हर आहे. वाचताना नाना त्याची पुढची बाजू मागे दुमडतात आणि डाव्या मनगटावर टॅब तोलून धरतात. त्या कडेत कव्हर मिटून राहावं म्हणून चुंबक शिवलेला आहे. बोटानं चाचपला तर रुपयाएवढी कडक चकती लागते. त्र्यंबकच्या दिवशी टॅब घरीच होता.

मोबाइलमधल्या चुंबकमापकानं बघितलं. खोलीत मधोमध ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास, ते पृथ्वीचंच चुंबकत्व. त्या चकतीजवळ नेला तर आकडा हजारापलीकडे पळाला. चाळीस मिनिटांत आठच पावलं का गेली याचंही उत्तर मिळालं. नाना सारखा हात बदलतात, त्यामुळे घड्याळ नेमकं चकतीवर टेकतं ते थोडाच वेळ.

१६ डिसेंबर

संशय म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून रात्री प्रयोग केला. घड्याळ टेबलावर सपाट ठेवलं आणि डोळ्याला भिंग लावलं. आधी नुसतंच पाहिलं. दर वीस सेकंदांनी उडी. मग कव्हरची चकती घड्याळाच्या कडेला टेकवली. वीस सेकंद झाली, काटा हलला नाही. चाळीस झाली, नाही. काटा जागेवरच, पण निरखून पाहिलं तर झटक्याच्या क्षणी टोक किंचित थरथरतं. ढकलू बघणाऱ्या मोटरीला कुणीतरी धरून ठेवावं तसं. नाना खुर्ची ओढून शेजारी बसले होते, त्यांनाही भिंगातून दाखवलं. दोन मिनिटांनी चकती दूर केली आणि पुढच्या झटक्याला काटा गुमान चालू लागला. मेनूत टिचक्या मोजल्या: सहा. दोन मिनिटं, बरोबर.

चकती मिनिटकाट्याच्या मोटरीकडच्या बाजूला टेकवली तेव्हाच हे झालं. घड्याळाच्या दुसऱ्या कडेला तेवढाच वेळ ठेवली तर मिनिटकाटा चालत राहिला. तासकाटा आजवर का वाचला, याचा अंदाज त्यावरून येतो. त्याची मोटर दुसऱ्या बाजूला असणार. शिवाय तासकाटा बारा तासांत १८० पावलं टाकतो, म्हणजे चार मिनिटांना एक. नेमक्या त्या क्षणी चुंबक जवळ असेल तरच त्याचं पाऊल हुकणार. पण हुकलंच तर एका फटक्यात आठ मिनिटं जातात.

मग अंतर वाढवत नेलं. एक सेंटीमीटरवर पावलं अधूनमधून हुकली. तीन सेंटीमीटरवर दहा मिनिटांत एकही नाही. एवढ्याशा चकतीचा जोर अंतराबरोबर झपाट्यानं उतरतो, थोडं लांब गेलं तर अंतर दुप्पट झाल्यावर जोर साधारण आठव्या हिश्शावर येतो. म्हणून घरातल्या प्रत्येक चुंबकाला भ्यायचं कारण नाही, चार-पाच बोटं अंतर राखलं तरी पुरतं. ज्या घड्याळावर चुंबकरोधक म्हणून आयएसओ ७६४ या आंतरराष्ट्रीय मानकाचा उल्लेख असतो ते ४८०० अँपिअर प्रति मीटर एवढं क्षेत्र सोसतं, म्हणजे साधारण ६ मिलिटेस्ला. चकतीला टेकलेल्या घड्याळाला तेही अपुरं पडू शकतं.

१९ डिसेंबर

दादानं टॅबला बिनचुंबकाचं, इलॅस्टिकचं कव्हर आणून दिलं. आज शेवटची जुळवणी निवांतपणे केली. आधीच्या वेळी दोन गोष्टींकडे मी पुरेसं लक्ष दिलं नव्हतं.

पहिली म्हणजे डोळा. पडदा वर दिसावा म्हणून की काय, या घड्याळात काटे तबकडीपासून बरेच उंच आहेत. डोकं जरा डावीउजवीकडे झालं की काटा एक पाऊल सरकल्यासारखा दिसतो. घड्याळ सपाट ठेवून, एक डोळा मिटून, दुसरा बरोबर १२ ते ६ या रेषेवर आणला. १२ ची खूण जाडसर पट्टीची आहे, म्हणून काट्याचं टोक पट्टीच्या दोन्ही कडांपासून सारखं लांब आहे का ते पाहिलं. काट्याची मागची शेपटीही ६ कडे सरळ आली पाहिजे.

दुसरी म्हणजे बॅकलॅश. दंतचक्रांत थोडी मोकळीक असतेच. काटा उलट्या दिशेनं १२ वर आणला तर दात दुसऱ्या बाजूला टेकलेले राहतात आणि पुढे चालू लागल्यावर तेवढं अंतर भरून काढण्यात जातं. म्हणून १२ ओलांडलं गेलं तर एक-दोन पावलं मागे येऊन थांबायचं नाही. दहाएक पावलं मागे जायचं आणि पुन्हा पुढच्या दिशेनंच १२ वर यायचं. डायल गेज वाचतानाही आम्ही सुई एकाच दिशेनं आणतो, तोच नियम. ही मोकळीक किती ते बघायला घड्याळ उभं धरलं. काटा ३ च्या बाजूला असताना वजनानं किंचित पुढे झुकतो, ९ च्या बाजूला किंचित मागे राहतो. दोन्हीकडे मिळून एका पावलापेक्षा कमी. एवढं चालायचंच, ते कुठल्याही मेनूनं जाणार नाही.

जुळवल्यावर पुढच्या तासाला १५, ३० आणि ४५ मिनिटांवर ताडलं. तिन्ही ठिकाणी काटा खुणेवर. १२ ला बरोबर येऊन ३० ला चुकला असता तर काटा वाकला आहे किंवा तबकडी जरा सरकून बसली आहे, असं धरलं असतं. मग १२ चा हट्ट सोडून चूक दोन्हीकडे वाटून घ्यावी लागली असती.

काही घड्याळं आपले काटे स्वतःच तपासतात. कॅसिओच्या टफ मूव्हमेंटमध्ये दंतचक्रांना भोकं असतात, दर तासाला ५५ व्या मिनिटाला त्यांतून प्रकाश आरपार जातो का ते पाहून काट्याची जागा सुधारली जाते. नानांच्या घड्याळात तशी सोय नाही. ते बिचारं मोजतं आणि विश्वास ठेवतं.

५ जानेवारी

सतरा दिवस झाले. आज मेनूत शिरून पाहिलं. मिनिटकाटा आपणहून १२ वर जाऊन थांबला, तासकाटाही. टिचक्या शून्य.

दरम्यान एकदा, २७ तारखेला, दोन पावलं गेली होती. नानांनी सांगितलं की आदल्या दिवशी भजनाच्या वेळी घड्याळ काढून स्पीकरवर ठेवलं होतं. दोन टिचक्या त्यांनीच दिल्या, पुढच्या दिशेनं, एक डोळा मिटून. सकाळच्या सिटीलिंकला ते आता पुन्हा हेच घड्याळ घालून जातात.